बेकरीचा गोल शिक्का मागवताना

"जुन्या काळातला वाटेल असा गोल लोगो हवाय. गव्हाच्या लोंब्या, लाटणं आणि मध्ये बेकरीचं नाव. दोनच रंग. परवापर्यंत मिळेल का?" नवी बेकरी टाकणारा माणूस डिझायनरला साधारण असा निरोप पाठवतो. यात चुकीचं काही नाही. आकार सांगितला, रंग सांगितले, बाज सांगितला. तरीही त्यावरून जे चित्र येतं ते बहुतेक वेळा परदेशातल्या कुठल्यातरी कॉफीच्या दुकानाचं वाटतं. फक्त अक्षरं तेवढी देवनागरी, आणि तीही उखडलेल्या फरशांसारखी तिरपी बसलेली. दोष एकट्या डिझायनरचा नसतो. हा शिक्का कशावर छापायचा, किती लहान करायचा आणि नाव कोणत्या लिपीत आहे, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

आधी 'जुनं दिसणं' म्हणजे काय ते पाहू. शिळा-छपाईच्या काळात प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. राजा रविवर्म्याच्या छापखान्यातून निघालेल्या देवदेवतांच्या चित्रांना असे अनेक दगड वापरावे लागत आणि एकेक रंग चढवत चित्र पुरं होई. किरकोळ दुकानदाराला हा खर्च कुठला परवडायला? त्याच्या पिशवीवर, पोत्यावर, डब्याच्या लेबलावर एक रंग, फार तर दोन. उरलेलं काम कागदाचा स्वतःचा रंग करी. गोल आकारालाही व्यवहारी कारण होतं. गोल लेबलाला उचकटायला कोपरा नसतो आणि कडेच्या पट्टीत नाव, गाव, माल असं सगळं मावतं. म्हणजे आज आपण ज्याला हौसेने व्हिंटेज म्हणतो ती मुळात काटकसर होती. त्यामुळे लोगोवर खोटे ओरखडे आणि डाग पाडून जुनेपणा आणायची मला तरी गरज वाटत नाही. मोठ्या पडद्यावर ते ओरखडे छान दिसतात, पण लहान स्टिकरवर छपाई खराब आल्यासारखे दिसतात.

कडेच्या पट्टीत मजकूर हवाच का, असाही प्रश्न येतो. स्टारबक्सचं १९७१चं पहिलं चिन्ह तपकिरी आणि गोल होतं, भोवतीच्या पट्टीत नाव आणि माल लिहिलेला होता. १९८७मध्ये ते हिरवं झालं आणि २०११मध्ये पट्टीतली अक्षरंच काढून टाकली गेली. चाळीस वर्षं जगभर ओळख झाल्यावर ते चालतं. कालपरवा सुरू झालेल्या बेकरीला नाव लिहावंच लागतं, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते.

रोमन अक्षरं सुटी उभी असतात. ती वर्तुळावर मांडली, थोडी लांब लांब ठेवली, की शिक्का तयार. देवनागरी अक्षरं मात्र शिरोरेषेला टांगलेली. संगणकावर मजकूर वर्तुळावर बसवायची जी सोय असते ती प्रत्येक अक्षर अख्खंच्या अख्खं फिरवते, वाकवत नाही. वरच्या कमानीत त्यामुळे शिरोरेषेचे सरळ तुकडे पडतात आणि दोन तुकड्यांमध्ये बाहेरच्या बाजूला पाचरीसारखी फट राहते. खालच्या कमानीत उलटं होतं. तिथे अक्षरांची डोकी केंद्राकडे असतात, जागा आक्रसते आणि शिरोरेषा एकमेकींवर चढतात. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टात तर काना आणि वेलांटी हे सुटे तुकडे असल्यामुळे ते आपल्या अक्षराला सोडून वेगळेच फिरतात. इंग्रजी नमुना पाहून डिझायनरने अक्षरांत अंतर वाढवलं, तर उरलीसुरली रेषाही तुटते.

यावर उपाय दोन. एक, नाव सरळ ओळीत लिहायचं, त्याचं आकृतीत रूपांतर करायचं आणि मग ती पूर्ण आकृती एकसंध वाकवायची. हे झटपट होतं, पण अक्षरं थोडी फुगतात किंवा दबतात, म्हणून नंतर हाताने दुरुस्ती लागते. दुसरा उपाय जास्त चांगला. आधी शिरोरेषा म्हणून एकच अखंड कमान काढायची आणि अक्षरं तिला हाताने टांगायची. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी आणि मासिकांसाठी केलेली अक्षरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हाताने घडवलेलं नाव आणि फॉन्टातून टाइप केलेलं नाव यांतला फरक समजावून सांगायला नको. मराठी जुनेपणा हवा असेल तर नमुने तिथले दाखवावेत.

आता एक उदाहरण मापासकट पाहू. समजा, बेकरीचं नाव 'अन्नपूर्णा बेकरी' आहे आणि शिक्का मुख्यतः ५० मिलिमीटरच्या गोल स्टिकरवर जाणार आहे. कडेची पट्टी साडेसात मिलिमीटरची ठेवली तर अक्षराच्या मुख्य उंचीला साडेतीनच मिलिमीटर मिळतात. उरलेली जागा वर रेफ, मात्रा, वेलांटीला आणि खाली पूच्या ऊकाराला द्यावी लागते. रोमन मोठ्या अक्षरांना वर-खाली असं काही लागत नाही, म्हणून इंग्रजी नमुन्यातली अरुंद पट्टी आपल्याला पुरत नाही. हे नाव वरच्या कमानीत नीट बसतं, कारण तिथे मात्रा बाहेरच्या बाजूला मोकळ्या पसरतात. खालच्या कमानीत वरची चिन्हं दाटतात, म्हणून तिथे 'सातारा' किंवा 'पाव, बटर, टोस्ट' यांसारखे डोक्यावर कमी ओझं असलेले शब्द बरे.

तोच शिक्का २० मिलिमीटरच्या रबरी शिक्क्यासाठी लहान केला की अक्षराची उंची साडेतीनवरून १.४ मिलिमीटरवर येते. तेव्हा 'र्णा'वरचा रेफ आणि 'पू'चा ऊकार शाईने भरून जातात. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या छोट्या गोल चित्रातही हाच प्रकार होतो. यावर अक्षरं जाड करणं हा इलाज नाही, जाड केली की ती आणखी लवकर भरतात. त्यापेक्षा सुरुवातीलाच दोन रूपं मागावीत: पट्टीसह पूर्ण शिक्का, आणि लहान मापासाठी फक्त मधलं चित्र किंवा एकटं 'अ'.

मधल्या चित्राबद्दल थोडं. लाटण्यांची फुली इतक्या ठिकाणी दिसते की ती कोणाचीच ओळख राहिलेली नाही. त्यातून आपल्याकडे लाटणं पोळीचं. पावाच्या बेकरीत खरी ओळखीची वस्तू म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या पावांची लादी, भट्टीचं कमानदार तोंड, किंवा पाव आत सारायचं लांब दांड्याचं लाकडी फावडं. नानकटाई तर जन्मतःच गोल, वरच्या भेगांसकट. आणि 'स्थापना' लिहायचं तर खरं वर्ष लिहावं. यंदा उघडलेल्या दुकानावर '१९५२ पासून' लिहिणं ही सरळ फसवणूक आहे.

रंगांच्या बाबतीत बहुतेकांची एक गफलत होते. 'तपकिरी, विटकरी आणि क्रीम' असं सांगितलं की आपल्याला वाटतं दोन रंग आणि एक पार्श्वभूमी. पांढऱ्या खोक्यावर मात्र क्रीम हा तिसरा छापील रंग होतो. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी फ्रेम आणि वेगळी फेरी लागते, त्यामुळे खर्च वाढतो. खाकी कागदाच्या पिशवीवर गोष्ट आणखी वेगळी. तिथे प्रत्येक शाई काळवंडते, पिवळा जवळजवळ नाहीसा होतो आणि क्रीम हवंच असेल तर खाली पांढरी शाई मारावी लागते. म्हणून शाई दोनच, आणि फिकट जागा म्हणजे कागद जो असेल तो, असं स्पष्ट सांगावं.

दोन रंग छापताना दुसरी फेरी अर्धा मिलिमीटर सरकली तरी दोघांच्या मध्ये पांढरी चीर दिसते. चांगला डिझायनर दोन रंग एकमेकांना काटेकोर चिकटवतच नाही. तो मध्ये मुद्दाम मोकळी जागा ठेवतो, किंवा गडद रंग फिकटावर थोडा चढवतो. हे त्याने केलंय का, ते आपल्याला डोळ्यांनी तपासता येतं. आणखी एक सोपी परीक्षा म्हणजे शिक्क्याची झेरॉक्स काढायची. काळ्या-पांढऱ्यात नाव वाचता येत नसेल, किंवा दोन्ही रंग एकाच राखाडीत मिसळत असतील, तर रंगांची निवड चुकली.

तर सुरुवातीचा निरोप आता असा लिहिता येईल:

"नमस्कार. साताऱ्यात आमची 'अन्नपूर्णा बेकरी' सुरू होत आहे. पाव, खारी, नानकटाई हा मुख्य माल. गोल शिक्का हवा आहे. वरच्या कमानीत नाव, शिरोरेषा अखंड. खालच्या कमानीत 'सातारा'. मध्ये पावाची लादी, साध्या रेषांत. दोन शाया: गडद तपकिरी आणि विटकरी. पार्श्वभूमीला रंग नको. ५० मिमी स्टिकर, खाकी पिशवी, तीन फुटी पाटी आणि २० मिमी रबरी शिक्का या चार ठिकाणी वापर होईल. २० मिमीसाठी वेगळं साधं रूप द्यावं. एकरंगी आणि गडद पार्श्वभूमीवरचं रूपही द्यावं. आधी पेन्सिलची दोन-तीन कच्ची चित्रं पाहू, रंग नंतर. सोबत आवडलेल्या जुन्या लेबलांचे फोटो पाठवत आहे."

इतकं लिहायला अर्धा तास लागतो. त्यात अन्नसुरक्षेचा १४ अंकी परवाना क्रमांक मुद्दाम घातलेला नाही. तो पाकिटावर लागतो, शिक्क्यात नाही. शाकाहारी मालाची हिरवी गोल खूण आणि अंड्याच्या मालासाठीचा तपकिरी त्रिकोण यांच्याशी गोंधळ होईल असं काही शिक्क्यात असू नये, एवढं पाहावं.

काम हातात घेताना चित्राचा फोटो घेऊन समाधान मानू नये. `.svg` किंवा `.pdf` अशी रेषांची फाइल मागावी, जी पाटीएवढी मोठी केली तरी फाटत नाही. कोरल ड्रॉमध्ये काम झालं असेल तर मूळ फाइलही घ्यावी, पण अक्षरं कर्व्हजमध्ये बदललेली हवीत. नाहीतर प्रेसवाल्याकडे तो फॉन्ट नसला की 'अन्नपूर्णा'च्या जागी भलतीच चिन्हं उमटतात. तयार टेम्पलेटवरून केलेला लोगो स्वस्त पडतो, मात्र तेच चित्र दुसऱ्या कोणाच्या पाटीवरही असू शकतं, आणि ट्रेडमार्क नोंदवायला गेल्यावर अडतं. पाव-बिस्किटांचा ट्रेडमार्क ३०व्या वर्गात नोंदवतात.

शेवटी हक्काचा कागद. डिझायनरने चित्राचा कॉपीराइट तुमच्या नावे लेखी करून द्यायला हवा आणि त्यात मुदत लिहिलेली हवी. मुदत लिहिली नसेल तर १९५७चा कॉपीराइट कायदा ती ५ वर्षंच धरतो. हा कागद आणि फाइली हातात पडेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका.