दुहेरी भिंत म्हणजे थर्मास नव्हे

वहिनींनी परवा व्हॉट्सअ‍ॅपवर एका जेवणाच्या डब्याचे तीन फोटो पाठवले. बाहेरून चकचकीत स्टील, आत तीन गोल डबे, वर क्लिपचं झाकण आणि ठळक अक्षरांत दावा : ‘डबल वॉल, ८ तास गरम’. माझा भाऊ साडेआठला डबा घेऊन निघतो आणि दीडला जेवतो. “भाऊजी, घेऊ का?” एवढाच त्यांचा प्रश्न होता.

‘डबल वॉल’ वाचलं की आपण थर्मास समजतो. पहिला गैरसमज इथेच होतो. दोन भिंती असल्या तरी त्यांच्यामध्ये काय आहे हे महत्त्वाचं. नुसती हवा असेल तर ती आतल्या आत फिरत राहते आणि उष्णता बाहेरच्या भिंतीकडे पोचवते. फोम भरला असेल, म्हणजे बाजारात ज्याला ‘पफ’ म्हणतात तो, तर हवा जागच्या जागी अडते. हवा काढून टाकून पोकळी केली असेल तरच तो खरा थर्मास. जाहिरातदाराला तिन्हींना ‘डबल वॉल’ म्हणता येतं.

फोटोत हे ओळखायचं ते तोंडाच्या कडेवरून. निर्वात बाटलीत आतली आणि बाहेरची स्टीलची भिंत तोंडाशी एकमेकींना वेल्ड केलेली असते, त्यामुळे कड सलग स्टीलची दिसते. मध्ये प्लास्टिकची रिंग दिसली तर भिंती तिथे जोडलेल्या नाहीत आणि पोकळी टिकण्याचा प्रश्नच येत नाही. उलटं मात्र खरं नाही : सलग कड हवा भरलेल्या बाटलीचीही असू शकते. पुष्कळ निर्वात बाटल्यांच्या बुडाशी मधोमध छोटा खळगा किंवा त्यावर बसवलेली गोल चकती असते, कारण हवा काढून तिथेच सील करतात. पण तळाला रबराचा बूट असेल तर ती खूण झाकली जाते.

वहिनींच्या दुसऱ्या फोटोत झाकण उघडं होतं. तोंडाशी काळी प्लास्टिकची रिंग स्वच्छ दिसत होती. बाहेरचा व्यास १५ सेंटिमीटर आणि आतल्या डब्याचा १२ दिला होता, म्हणजे भिंतीत साधारण सेंटिमीटरभर फोम. आता हिशेब करू. साडेआठला ७५ अंशांचं सुमारे ६०० ग्रॅम जेवण भरलं, बाहेर ३० अंश. जेवण हवेपेक्षा ४५ अंशांनी गरम आहे. अशा डब्यात हा फरक सव्वादोन तासांत निम्म्यावर येतो असं धरा. पावणेअकराला ५२ अंश, एक वाजता ४१. दीडला भाजी कोमट असेल. आठ तासांचं सोडाच, पाच तासांचीही खात्री नाही. शिवाय शिजवलेलं अन्न ६० अंशांच्या खाली तासन्‌तास ठेवणं सुरक्षित नसतं, भात तर नाहीच.

बाटलीवरच्या ‘२४ तास गरम’चं काय? ‘गरम’ म्हणजे किती अंश, हे तिथे लिहिलेलं नसतं. जपानमध्ये बाटलीवर सहा तासांनंतरचं तापमान देण्याची रीत आहे : ९५ अंशांचं पाणी भरून, २० अंशांच्या खोलीत. अर्ध्या लिटरच्या चांगल्या बाटलीत ते ६८च्या आसपास असतं. म्हणजे सहा तासांत जादा उष्णतेतला जेमतेम दोन तृतीयांश भाग उरतो. आपल्या ३० अंशांच्या घरात त्याच बाटलीतलं पाणी सहा तासांनी ७२, बारा तासांनी ५७ आणि चोवीस तासांनी ४१ अंशांवर येईल. बारा तासांपर्यंत चहा म्हणता येईल, त्यानंतर ते आंघोळीचं पाणी. बाटली मोठी असेल तर आकडे सुधारतात, कारण पाण्याच्या मानाने भिंत कमी असते. म्हणून लिटरच्या बाटलीचा दावा पाव लिटरच्या बाटलीवर छापलेला दिसला तर विश्वास ठेवू नका.

‘३०४ ग्रेड’ या शब्दाचा उष्णतेशी संबंध नाही. तो गंज न लागण्याचा गुण आहे.

एक गोष्ट मात्र फोटोत कधीच दिसत नाही : गेलेली पोकळी. बाटली पडून वेल्डला बारीक चीर गेली की ती नव्यासारखीच दिसते, पण उष्णता धरत नाही. म्हणून घरी आल्याबरोबर उकळतं पाणी भरा, झाकण लावा आणि दहा मिनिटांनी बाहेरून मधल्या भागाला व बुडाला हात लावा. झाकणाजवळ कोमट लागलं तर हरकत नाही. मधला भाग गरम लागला तर बाटली परत करा.

वहिनींना मी तो डबा घेऊ नका म्हणून सांगितलं. तुम्हीही दुकानदाराला ‘किती तास?’ विचारू नका. ‘सहा तासांनी किती अंश?’ असं विचारा.