बॅटरी बदलूनही हेडलाइट मंदच

मागच्या पावसाळ्यात माझा भाचा संध्याकाळी पुण्याहून कराडला मोटरसायकलवर निघाला. खंबाटकीचा घाट चढताना त्याला हेडलाइट जराशी पिवळी वाटली. साताऱ्याला चहासाठी थांबला तेव्हा मीटरवर बॅटरीचं चिन्ह लागलेलं होतं, आणि निघताना बटण दाबलं तर स्टार्टर कसाबसा फिरला. पुढे इंडिकेटर लुकलुकायचे थांबून नुसतेच मंद जळत राहिले, हॉर्न घोगरा झाला आणि उंब्रजच्या अलीकडे इंजिनच बंद पडलं. टाकीत पेट्रोल होतं. बॅटरी तीन आठवड्यांपूर्वीच नवी बसवलेली होती, आणि चार महिन्यांतली ती दुसरी नवी बॅटरी होती.

दिवा मंद झाला की गॅरेजमध्ये पहिला संशय बॅटरीवर जातो, कारण ती डोळ्यांसमोर असते आणि पाच मिनिटांत बदलता येते. पण बॅटरी म्हणजे गच्चीवरची टाकी. तिच्यात पाणी चढवणारा पंप निराळा असतो. मोटरसायकलचा हा पंप इंजिनच्या डाव्या झाकणाआड असतो. तिथे क्रँकशाफ्टच्या टोकाला चुंबकांची वाटी बसवलेली असते आणि तिच्या आत तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्यांची एक स्थिर चकती. पुस्तकातलं तिचं नाव स्टेटर. मेकॅनिक तिला कॉइल प्लेट म्हणतो. इंजिन फिरलं की वाटी फिरते आणि गुंडाळ्यांत वीज तयार होते. ही वीज एसी असते. शिवाय इंजिन जितकं जोरात फिरेल तितका तिचा दाब चढतो. अशी वीज बॅटरीला चालत नाही. म्हणून मध्ये एक पंख्यापंख्यांची ॲल्युमिनियमची डबी असते, तिला रेग्युलेटर-रेक्टिफायर किंवा नुसतं आरआर म्हणतात. ती एसीची डीसी करते आणि दाब साडेचौदा व्होल्टच्या आसपास रोखून धरते.

दाब रोखते कसा, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण कॉइल का जळते याचं उत्तर तिथेच आहे. बहुतेक दुचाकींतला रेग्युलेटर शंट पद्धतीचा असतो. टाकी भरली की तो पंप बंद करत नाही. जास्तीचं पाणी परत विहिरीत सोडतो. म्हणजे जास्तीची वीज कॉइलच्याच तारा एकमेकींना जोडून जिरवून टाकतो. त्यामुळे तुम्ही दिवा लावा किंवा न लावा, इंजिन वेगात असताना कॉइलमधून जवळजवळ पूर्ण प्रवाह वाहतच असतो. वर्षानुवर्षं गरम तेलात, गरम इंजिनात ती पूर्ण भाराने चालते. तारेवरचा वार्निशचा पातळ थर हळूहळू करपतो, आणि शेजारच्या दोन वेढ्यांमधला थर गेला की ते वेढे आपसात शॉर्ट होतात. रेग्युलेटरचंही तसंच. तो सतत तापतो, आणि त्याच्या पंख्यांवर चिखलाचा लेप बसला तर ती उष्णता बाहेर टाकायला त्याला वाटच राहत नाही.

भाच्याची गाडी दुसऱ्या दिवशी टेम्पोत घालून कराडच्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. मीही सोबत होतो. त्यांनी बॅटरी बदलायचं नावही काढलं नाही. म्हणाले, "आधी हीच पूर्ण चार्ज करू. अर्धी उतरलेली बॅटरी लावून मोजलं तर आकडे फसवतात." बॅटरी रात्रभर चार्जरवर ठेवली, मग दोन-तीन तास नुसती पडू दिली आणि सकाळी मल्टिमीटर लावला. १२.७ व्होल्ट. म्हणजे टाकी शाबूत होती. स्टार्टर मारताना दाब १०.६ पर्यंत उतरला. निरोगी बॅटरी या वेळी साडेनऊ-दहाच्या खाली जात नाही, म्हणून बॅटरी त्या क्षणी निर्दोष सुटली.

मग इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून त्यांनी पुन्हा बॅटरीच्याच टोकांवर मोजलं. संथ फेऱ्यांवर १२.४. थ्रॉटल पिळून चार-पाच हजार फेऱ्यांवर १२.६. निरोगी गाडी तिथे १३.८ ते १४.५ दाखवते. १३ च्याही वर चढत नसेल तर बॅटरीत काही भरलं जात नाही, उलट तिच्यातलंच खर्च होत असतं. आदल्या रात्रीचा हिशेब यातून जुळतो. बॅटरी आठ अँपिअर-तासांची. नुसता ३५ वॉटचा हेडलाइट पावणेतीन अँपिअर खातो. शिवाय इंधनपंप, इंजेक्टर, ईसीयू, मागचा दिवा. यातलं थोडं कॉइल पुरवत होती आणि सुमारे अडीच-तीन अँपिअरची तूट बॅटरी भरत होती. ती तीनेक तासांत संपली. इंधनपंपाला वीज मिळेना, म्हणून पेट्रोल असूनही इंजिन थांबलं. जुन्या कार्ब्युरेटरच्या अनेक गाड्यांत ठिणगीसाठी वेगळी कॉइल असायची. त्या बॅटरी मेली तरी किक मारून घरी यायच्या.

दिवा इतका लवकर डोळ्यांत का भरतो, तर साध्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात उतरत नाही, त्याहून पुष्कळ वेगाने उतरतो. साडेतेराचे बारा व्होल्ट झाले तर दाब जेमतेम अकरा टक्के कमी होतो, पण उजेड जवळजवळ एक तृतीयांश जातो. एलईडी हेडलाइटमध्ये ही सूचना मिळत नाही. तिच्यातलं सर्किट उजेड बराच वेळ कायम राखतं आणि मग ती एकदम लुकलुकते किंवा विझते. तिथे मीटरवरचं चिन्ह आणि सुस्त स्टार्टर हेच आधी बोलतात.

आता कॉइल दोषी की रेग्युलेटर? इथेच बहुतेक ठिकाणी अंदाजाने रेग्युलेटर बदलला जातो, कारण तो दोन बोल्टांत सुटतो. भाच्याच्या गाडीतही तो दोन महिन्यांपूर्वी बदलून झाला होता. काकांनी इंजिन बंद करून कॉइलकडून येणाऱ्या तीन पिवळ्या वायरींचा कपलर रेग्युलेटरपासून सोडवला. प्लॅस्टिकचा एक कोपरा तपकिरी होऊन वितळला होता आणि आतली एक पिन काळी पडली होती. नवा रेग्युलेटर याच कपलरवर बसवला गेला होता. पिन सैल झाली की तिथे रोध वाढतो, रोधामुळे ती तापते, तापून आणखी सैल होते. ज्याला या रोगाचं निदान स्वतः करायचं आहे, त्याने मल्टिमीटर हातात घेण्याआधी हा कपलर उघडून पाहावा.

मग इंजिन सुरू करून, मीटर एसीवर ठेवून त्यांनी कॉइलच्या बाजूच्या तीन वायरी दोन-दोन करून मोजल्या. इथे साठ व्होल्टपर्यंत दाब असतो, म्हणून उघड्या टोकांना हात लागू द्यायचा नाही. पाच हजार फेऱ्यांवर पहिल्या जोडीत ६०, दुसरीत ४१, तिसरीत ४० व्होल्ट. नेमका आकडा गाडीगणिक बदलतो. पाहायचं ते तिन्ही सारखे आहेत का. एकच जोडी चांगली आणि दोन कमी, याचा अर्थ त्या दोन जोड्यांत सामाईक असलेल्या वायरीची गुंडाळी गेली. तिन्ही सारखे आणि भरपूर आले असते, तर कॉइल सुटली असती आणि संशय रेग्युलेटरकडे किंवा त्याच्या पुढच्या वायरीकडे गेला असता.

मी विचारलं, "काका, इंजिन चालू न करता ओहम मोजून कळलं नसतं का?" त्यांनी मीटरच्या दोन वायरी एकमेकींना टेकवून दाखवल्या: ०.३ ओहम. कॉइलच्या दोन वायरींतला रोधही तेवढाच, अर्धा ओहम वगैरे असतो. साध्या मीटरला काही वेढ्यांचा फरक दिसतच नाही. ओहमने एकच गोष्ट खात्रीने कळते: कोणतीही पिवळी वायर आणि इंजिनची बॉडी यांच्यात जोडणी असता कामा नये. काकांनी तेही पाहिलं. काळ्या पिनच्या वायरीला मीटर वाजला. ती गुंडाळी लोखंडाला चिकटली होती.

रेग्युलेटरचा निकाल इतका सोपा नसतो. मीटर डायोडवर ठेवून प्रत्येक पिवळ्या पिनपासून प्लस आणि मायनसकडे मोजलं तर एका दिशेने सुमारे अर्धा व्होल्ट दिसावा, उलट दिशेने काहीच नाही. दोन्हीकडे शून्य आलं तर डायोड शॉर्ट झालाय. पण थंड असताना या चाचणीत पास झालेला रेग्युलेटर वीस मिनिटं चालून तापल्यावर हात टेकतो, म्हणून अंतिम मोजमाप गाडी फिरवून आणल्यावरच घ्यावं. रेग्युलेटर उलट्या बाजूनेही बिघडतो: दाब रोखायचंच सोडतो. मग बॅटरीवर १५ च्या वर, कधी १६-१७ व्होल्ट दिसतात, बल्ब एकामागून एक उडतात आणि बॅटरीला सडक्या अंड्यासारखा वास येतो. अशी गाडी चालवत नेऊ नये. फुगलेली बॅटरी आणि ईसीयू दोन्ही धोक्यात असतात.

जुन्या कार्ब्युरेटरवाल्या स्कूटरचं गणित मात्र निराळं, आणि तिथे लोक विनाकारण खर्च करतात. अशा अनेक स्कूटरमध्ये हेडलाइट बॅटरीवर नसतेच. ती कॉइलच्या एका फाट्यावरून थेट एसीवर चालते. सिग्नलला उभं राहिल्यावर दिवा मंद होणं आणि थ्रॉटल पिळताच उजळणं हा तिचा स्वभाव आहे, बिघाड नाही. तिथे नवी बॅटरी घालून उजेड तसूभरही वाढणार नाही. वेगातही दिवा पिवळाच राहिला तर मात्र कॉइल, रेग्युलेटर आणि अर्थिंग पाहायला हवं. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींची हेडलाइट इंजिनसोबत आपोआप लागते, त्यामुळे दिवा बंद ठेवून बॅटरी वाचवायची सोयही नव्या गाड्यांत राहिलेली नाही.

भाच्याच्या गाडीचं तेल उतरवून डावं झाकण उघडलं. कॉइल प्लेट झाकणाच्या आतच बसवलेली होती. अर्ध्याअधिक गुंडाळ्या तांबूस, आणि काही कोळशासारख्या काळ्या. उतरवलेल्या तेलालाही करपट वास होता. भाच्याने विचारलं, "मामा, रिवाइंडिंग करून घेऊ का? निम्म्यात होईल." काकांनीच उत्तर दिलं: पंखे आणि पाण्याच्या मोटारी भरणारा माणूस जी तार वापरतो ती इथल्या उष्णतेत आणि तेलात टिकत नाही. १८० अंशांहून जास्त सोसणारी तार आणि तसंच वार्निश असेल, आणि वेढे मोजून भरले असतील, तरच रिवाइंडिंग करावं. आम्ही नवी कॉइल आणि नवा गॅस्केट घेतला. जळका कपलर दोन्ही बाजूंनी कापून नवा लावला. रेग्युलेटर तोच ठेवला. त्याचे डायोड नीट होते, फक्त त्याच्या पंख्यांवरचा चिखल खरवडला आणि अर्थिंगचा बोल्ट घासून घट्ट केला.

पिवळ्या वायरींवर ६१, ६०, ६१ आले. बॅटरीवर संथ फेऱ्यांना १३.३, पाच हजारांवर १४.३. काकांनी भाच्याला गाडी घेऊन अर्धा तास फिरून यायला सांगितलं. तो आला तेव्हा रेग्युलेटरला हात लावता येत नव्हता इतका तापला होता. त्याच अवस्थेत त्यांनी पुन्हा मोजलं: १४.२. मग त्यांनी कपलर चिमटीत धरून पाहिला. तो कोमट होता.