ग्रुप फोटोत मागची रांग धूसर का येते? कॅमेऱ्यातल्या f/1.8 चा अर्थ

साखरपुड्याचा हॉल. पुढे खुर्च्यांवर आजी-आजोबा, मागे उभे काका, मामा आणि पोरंटोरं. पुतण्याने नव्या फुल फ्रेम कॅमेऱ्याला ५० मिमीची लेन्स लावून फोटो काढला. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर तो झकास दिसला. घरी लॅपटॉपवर उघडला तेव्हा आजोबांच्या मिशीचा केस न् केस स्पष्ट होता, पण मागच्या रांगेतले सगळे चेहरे धूसर! कॅमेरा बिघडला नव्हता आणि हातही हलला नव्हता. घोळ f/1.8 या आकड्याचा होता.

लेन्सच्या आत पातळ पात्यांचा एक पडदा असतो. त्याच्या मधल्या भोकातून प्रकाश आत येतो. हे भोक म्हणजे ॲपर्चर. ते लहान-मोठं करता येतं आणि ते किती उघडं आहे हे एफ-नंबर सांगतो. गंमत अशी की नंबर लहान, तर भोक मोठं. नवशिक्याचा गोंधळ इथेच होतो.

खरं तर तो अपूर्णांक आहे. f म्हणजे लेन्सची फोकल लेंग्थ, इथे ५० मिमी. तिला १.८ ने भागलं की सुमारे २८ मिमी येतात, म्हणजे भोक साधारण रुपयाच्या नाण्यापेक्षाही मोठं. ८ ने भागलं की जेमतेम सव्वासहा मिमी उरतात. अर्धी भाकरी चतकोरापेक्षा मोठी असते, तसंच f/2 हे f/4 पेक्षा मोठं.

भोक मोठं केलं की दोन गोष्टी एकदम होतात. पहिली सोपी आहे: प्रकाश जास्त येतो. f/8 च्या तुलनेत f/1.8 ला जवळपास २० पट. म्हणूनच अंधाऱ्या हॉलमध्ये पुतण्याने हा आकडा निवडला होता आणि त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं.

दुसरी गोष्ट मात्र फोटो काढताना लक्षात येत नाही. लेन्स एका वेळी एकाच अंतरावर नेमका फोकस करते. त्या अंतराच्या पुढे-मागे असलेला प्रत्येक बिंदू सेन्सरवर ठिपका न राहता छोटीशी चकती बनतो. भोक मोठं असेल तर किरण जास्त रुंद पसरून येतात आणि चकतीही मोठी होते. तिलाच आपण धूसरपणा म्हणतो. भोक लहान केलं की चकती इतकी बारीक होते की डोळ्याला ती ठिपकाच वाटते.

आता हॉलमधला हिशोब पाहू. आजोबा कॅमेऱ्यापासून साडेतीन मीटरवर होते आणि फोकस त्यांच्यावर होता. f/1.8 ला त्यांच्या मागे साधारण २८ सेंटिमीटरपर्यंतच चित्र स्पष्ट राहतं. मागची रांग होती एक मीटर मागे. f/5.6 केलं असतं तर ही हद्द मीटरभर झाली असती, म्हणजे मागची रांग कशीबशी आत आली असती. f/8 ला ती पावणेदोन मीटरच्या आसपास जाते, तेव्हा काळजीच नाही.

पण फुकट काही मिळत नाही. f/1.8 वरून f/5.6 वर गेलं की प्रकाश जवळजवळ दहावा हिस्साच उरतो. आधी शटर 1/250 आणि आयएसओ ४०० असेल, तर आता शटर 1/25 पर्यंत हळू करावा लागेल. तेवढ्या वेळात कुणीतरी मान हलवतंच. त्यापेक्षा शटर 1/125 ठेवावा आणि आयएसओ २००० च्या आसपास न्यावा. फोटोत थोडे दाणे येतील, पण चेहरे ओळखू येतील. मामींना दाणे चालतात, स्वतःचा चेहरा धूसर आलेला चालत नाही!

फोटो नेमका कशाने बिघडला हे ओळखणंही सोपं आहे. काही अंतरावरचे लोक स्पष्ट आणि बाकीचे धूसर असतील तर कारण ॲपर्चर. सगळंच चित्र, मागच्या भिंतीसकट, एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसलं तर हात हललेला असतो. फक्त एखाद्याचा हात किंवा मान फरफटल्यासारखी असेल तर शटर हळू पडला. यासाठी फोटो काढल्याबरोबर तिथेच झूम करून मागच्या रांगेतले डोळे पाहावेत. छोट्या स्क्रीनवर सगळंच स्पष्ट भासतं.

आणि फोनवरही f/1.8 लिहिलेलं असतं, तरी त्यात दोन्ही रांगा स्पष्ट येतात, ते कसं? फोनच्या लेन्सची खरी फोकल लेंग्थ जेमतेम काही मिलिमीटर असते. समजा ती ६ मिमी आहे. तिला १.८ ने भागलं की भोक उरतं सव्वातीन मिमीचं, त्यामुळे चकत्या लहानच राहतात. बहुतेक फोनमध्ये तर हे भोक बदलताही येत नाही. पोर्ट्रेट मोडमधली धूसर पार्श्वभूमी सॉफ्टवेअर मागाहून तयार करतं, म्हणूनच कधी कधी कानातल्या झुमक्याची कडा किंवा मोकळे केस पार्श्वभूमीसोबत पुसले जातात.