व्हीओटू मॅक्स सारखाच, मग दम वेगवेगळा का?

माझ्या पहिल्या प्रस्तावात मी दोन गट 'सारखेच फिट' ठरवले होते, कारण दोघांचा व्हीओटू मॅक्स सारखा होता. गाइडनी विचारलं, "सारखे कशात?" त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना जे समजलं ते इथे लिहितोय.

व्हीओटू मॅक्स म्हणजे जास्तीत जास्त जोर लावल्यावर शरीर मिनिटाला किती ऑक्सिजन वापरू शकतं ते. हिशेब साधा आहे: हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं, गुणिले त्या रक्तातून किती ऑक्सिजन काढून घेतला जातो. समजा एका धावपटूचं हृदय मिनिटाला २५ लिटर रक्त ढकलतंय आणि दर लिटरमागे १६० मिली ऑक्सिजन वापरला जातोय. एकूण झाले ४ लिटर. वजन ६० किलो असेल तर किलोमागे मिनिटाला सुमारे ६७ मिली.

मर्यादा कुठे येते? निरोगी माणसात समुद्रसपाटीला फुप्फुसं बहुधा कमी पडत नाहीत. धावणं किंवा सायकलिंगमध्ये मुख्य अडथळा पुरवठ्याचा, म्हणजे हृदय आणि रक्ताचा असतो. म्हणूनच स्वतःचंच साठवलेलं रक्त परत चढवलं की व्हीओटू मॅक्स वाढतो, स्नायू तेच असूनही.

पण ही झाली कमाल पातळी. तासभर कोणी त्या पातळीवर राहत नाही. खरा प्रश्न असा, की कमालीच्या किती टक्क्यांवर रक्तात लॅक्टेट साचायला लागतं?

कॉइल आणि सहकाऱ्यांचा १९८८ चा प्रयोग इथे बघण्यासारखा आहे. १४ सायकलपटू, सगळ्यांचा व्हीओटू मॅक्स जवळपास सारखा, ६८ च्या आसपास. एका गटात लॅक्टेट ८२ टक्क्यांवर वाढू लागायचं, दुसऱ्यात ६६ वरच. सगळ्यांना ८८ टक्क्यांवर थकेपर्यंत सायकल चालवायला लावली. पहिला गट सरासरी ६१ मिनिटं टिकला, दुसरा २९.

कारण उघड आहे. ८८ टक्के हा पहिल्या गटासाठी उंबरठ्याच्या जरासा वर होता, दुसऱ्यासाठी खूपच वर. दुसऱ्या गटाच्या स्नायूंतलं ग्लायकोजेन दुपटीहून जास्त वेगाने संपत होतं. हा फरक हृदयाचा नाही, स्नायूंचा. पहिल्या गटाच्या स्नायूंत केशवाहिन्या दाट होत्या आणि त्यांची सायकलिंगची वर्षंही जास्त होती.

तेव्हा सहनशक्तीवर काम करणार असाल तर गट जुळवताना लॅक्टेटचा उंबरठाही मोजा. आणि कामाची तीव्रता फक्त 'कमालीच्या अमुक टक्के' अशी ठरवू नका. एकच टक्केवारी एकाला झेपणारी असते आणि दुसऱ्याला अर्ध्या तासात संपवणारी. मी माझे गट पुन्हा पाडले.