रजेवर जाताना मेलला काय सांगून जाल?

गणपतीचे दिवस आहेत. भोसरीतल्या एका कारखान्यात खरेदी विभाग सांभाळणारा माणूस शुक्रवारी, 11 सप्टेंबरला संध्याकाळी सुटतो आणि रात्रीच्या गाडीने कोकणात गावी निघतो. मंगळवारी शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीवाल्याचा मेल येतो: कास्टिंग तयार आहेत, गाडी आज भरू का आणि दर जुन्या पीओप्रमाणेच धरायचा ना? मिनिटाच्या आत त्याला आपोआप उत्तर मिळतं:

“आपल्या मेलबद्दल धन्यवाद. मी सध्या गणपतीनिमित्त सहकुटुंब गावी आलो असून 20 तारखेपर्यंत रजेवर आहे. येथे नेटवर्कची अडचण असल्याने मेल पाहणे फारसे जमणार नाही, तरी शक्य तितके उत्तर देण्याचा प्रयत्न करीन. अगदीच तातडीचे काम असल्यास माझ्या मोबाईलवर फोन करावा किंवा माझ्या सहकाऱ्यांशी बोलावे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल क्षमस्व.”

मजकूर नम्र आहे, चुकीचा शब्द एकही नाही. तरी फाउंड्रीवाला जिथे होता तिथेच राहिला. आज गाडी भरायची की थांबायचं, हे त्याला कळलं नाही. माणूस रविवारी येणार की सोमवारी? ‘सहकारी’ म्हणजे कोण? आणि मेल बघण्याचा प्रयत्न करणार म्हणतोय, तर उद्यापर्यंत वाट पाहावी का? शेवटी तो फोन करतो आणि नैवेद्याचं ताट मांडून होत असताना गावच्या घरी मोबाईल वाजतो. रजेवरच्या माणसालाही त्या उत्तराचा काही उपयोग झाला नाही.

ऑटो रिप्लाय वाचणाऱ्याच्या मनात एकच गोष्ट असते: थांबू की दुसऱ्या कुणाला विचारू? तुम्ही कुठे गेलात, कुणाबरोबर गेलात, का गेलात, हे त्याने विचारलेलंच नाही. त्यामुळे मजकुरात दोनच गोष्टी पक्क्या असाव्या लागतात. तुम्ही कामावर कधी हजर होणार आणि तोवर काम कुणाकडे न्यायचं.

आधी तारीख. ‘20 तारखेपर्यंत रजेवर’ असं लिहिलं की निम्मे लोक 20 ला फोन करतात आणि निम्मे 21 ला. रजा कधी संपते हे लिहूच नका, पुन्हा कामावर कधी येणार ते लिहा, आणि वारासकट लिहा: ‘सोमवार, 21 सप्टेंबरला कामावर येईन.’ वार जोडला की तारीख टाइप करताना झालेली चूक लगेच डोळ्यांत भरते. महिना अक्षरांत हवा. 05/09 हा आकडा आपल्याकडे 5 सप्टेंबर आणि अमेरिकेतल्या माणसासाठी 9 मे असतो, आणि आज पुण्यातल्या कितीतरी ऑफिसांचे मेल तिकडे जात असतात. गाडी पहाटे पोहोचणार असेल आणि आल्याबरोबर दोनशे मेल उपसायचे असतील, तर मजकुरात मंगळवारची तारीख द्यायला हरकत नाही. आधी उत्तर मिळालं तर कुणाची तक्रार नसते. दिलेल्या दिवशी मिळालं नाही, तर मात्र तुमच्या पुढच्या तारखेवरचाही विश्वास जातो.

दुसरी गोष्ट, पर्यायी संपर्क. खरी मेहनत इथे आहे आणि ती मजकूर लिहिण्याच्या आधी करावी लागते. ज्याचा पत्ता देणार त्याला विचारा. तो त्या आठवड्यात नक्की हजर आहे ना, हे बघा. गणपतीत अर्धा विभाग कोकणात असतो. तुमचा ऑटो रिप्लाय ज्याच्याकडे पाठवतो त्याचाही ऑटो रिप्लाय लागलेला असतो आणि तो पुन्हा तुमच्याकडे बोट दाखवतो, असं सर्रास घडतं. बिचारा पुरवठादार दोन्ही मेल समोर ठेवून बसतो. मग, त्या माणसाला अधिकार कशाचे आहेत हे ठरवा. तो गाडी उतरवून घेऊ शकत असेल पण दर वाढवू शकत नसेल, तर मजकुरात तेवढंच लिहा. चालू पीओंची यादी त्याच्या हाती दिलेली नसेल, तर त्याचं नाव देऊन काही साधत नाही.

बाहेरच्या लोकांसाठी एका व्यक्तीच्या पत्त्यापेक्षा विभागाचा सामाईक पत्ता चांगला, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या पेटीत दोघा-तिघांचं लक्ष असतं आणि एकजण आजारी पडला तरी मेल पडून राहत नाही. सगळं जमून आल्यावर मजकूर असा होतो:

“हे आपोआप गेलेले उत्तर आहे. मी रजेवर आहे; सोमवार, 21 सप्टेंबरला कामावर येईन आणि आपला मेल त्यानंतर पाहीन. माल पाठवणे, चलन आणि चालू पीओ यांसाठी kharedi@example.com वर लिहावे. नवे दर व नवी कोटेशन मी आल्यावर पाहीन.”

फाउंड्रीवाल्याला आता दोन्ही उत्तरं मिळाली. गाडीसाठी खरेदी विभागाला लिहायचं, दराच्या बोलणीसाठी सोमवारपर्यंत थांबायचं. ‘शक्य तितके उत्तर देईन’ हे वाक्य मी मुद्दाम काढलं आहे. त्याने फक्त आशा लागते आणि माणूस पर्यायी पत्त्याकडे वळायचं टाळतो.

पहिलं वाक्य मात्र मुद्दाम ठेवलं आहे. 2008 साली वेल्समधल्या स्वान्सी इथल्या नगरपालिकेने एका रस्त्यावरच्या पाटीसाठी ‘अवजड वाहनांना प्रवेश नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर वेल्श भाषांतरासाठी मेलने पाठवला. लगेच वेल्शमध्ये उत्तर आलं आणि ते पाटीवर छापलं गेलं. ते भाषांतरकाराचं ऑटो रिप्लाय होतं: मी सध्या ऑफिसात नाही, भाषांतराचं काम असेल तर पाठवा. मागणाऱ्याला वेल्श येत नव्हतं आणि उत्तर फक्त वेल्शमध्ये होतं. आपल्याकडे ज्यांचा पत्रव्यवहार महाराष्ट्राबाहेरही चालतो, त्यांनी याच चार ओळी मराठीत आणि खाली इंग्रजीत द्याव्यात. मजकूर आखूड असला की दोन्ही भाषा मोबाईलच्या एका पडद्यावर मावतात.

आता जे गाळायचं त्याबद्दल. गावाचं नाव, सहकुटुंब गेल्याचा उल्लेख, शस्त्रक्रिया, लग्नकार्य, वरिष्ठांचं नाव, मोबाईल नंबर, यातलं काहीही लागत नाही. हा निव्वळ संकोचाचा प्रश्न नाही. ऑटो रिप्लाय माणूस ओळखत नाही. जो मेल पाठवेल त्याला तो उत्तर देतो. ‘सहकुटुंब गावी’ आणि परतीची तारीख एकत्र आली की घर कधीपर्यंत बंद आहे हे अनोळखी माणसाला कळतं. ऑफिसातला धोका त्याहून मोठा आहे. समजा संचालकांच्या ऑटो रिप्लायमध्ये लिहिलंय की ते परदेशात आहेत, फोन लागणार नाही आणि हिशेबाचं काम अमुक बाई पाहतील. फसवणूक करणाऱ्याला आता पैसे कुणाकडून काढायचे तिचं नाव मिळालं, आणि जिच्याकडे खात्री करून घेता येणार नाही असा काळही मिळाला. तो संचालकांच्या नावाने, त्यांच्यासारख्याच दिसणाऱ्या पत्त्यावरून त्या बाईंना लिहितो: मी प्रवासात आहे, फोन करू नका, या नव्या खात्यावर पेमेंट आजच सोडा. पैसे वळवण्याचा हा जगभर चालणारा प्रकार आहे, आणि त्याला लागणारा कच्चा माल आपण स्वतःच पुरवत असतो.

म्हणून आत एक आणि बाहेर एक असे दोन मजकूर ठेवणं उत्तम. आउटलुकमध्ये Automatic Replies उघडलं की संस्थेच्या आतल्या लोकांसाठी आणि बाहेरच्यांसाठी वेगवेगळी चौकट असते. आतल्या चौकटीत सहकाऱ्याचं नाव आणि एक्स्टेंशन बिनधास्त द्या. बाहेर विभागाचा पत्ता पुरे. बाहेरच्यांमध्ये फक्त आपल्या संपर्कयादीतल्यांना उत्तर द्यायची सोयही असते. तिच्यामुळे अनोळखी लोक गळतात, पण पहिल्यांदाच चौकशी करणारा खरा ग्राहकही गळतो. खरेदी-विक्रीच्या कामात म्हणून मी ती वापरायला सांगणार नाही.

जीमेलमध्ये हे काम Settings मधल्या General पानाच्या तळाशी, Vacation responder नावाने आहे. तिथे तीन ठिकाणी माणसं चुकतात. पहिलं म्हणजे Last day. तिथे रजेचा शेवटचा दिवस टाकायचा असतो, म्हणजे आपल्या उदाहरणात 20 सप्टेंबर. त्या रात्री 11:59 ला उत्तरं थांबतात. मजकुरातली 21 तारीख तिथे टाकली, तर सोमवारी तुम्ही टेबलावर बसलेले असता आणि लोकांना मात्र तुम्ही रजेवर असल्याचं कळत राहतं. हा रकाना सक्तीचा नाही. रिकामा ठेवला तर तुम्ही हाताने बंद करेपर्यंत उत्तर चालूच राहतं. दिवाळीत ‘21 सप्टेंबरला येईन’ असं सांगणारे मेल याच रिकाम्या रकान्यातून निघतात.

दुसरी गोष्ट सहीची. जीमेल ऑटो रिप्लायच्या खाली तुमची नेहमीची सही आपोआप जोडतं. मजकुरातून मोबाईल नंबर कटाक्षाने काढला आणि तो सहीत असला, तर तो सगळ्यांना गेलाच. रजेपुरती सही बदलून ठेवा.

तिसरी गोष्ट उत्तर किती वेळा जातं याची. एकाच माणसाने पुन्हा पुन्हा लिहिलं, तरी जीमेल त्याला चार दिवसांतून फार तर एकदा उत्तर देतं. आउटलुक साधारणपणे त्या रजेत प्रत्येकाला एकदाच देतं. असं नसतं, तर दोन रजेवरच्या माणसांच्या पेट्या एकमेकींना रात्रभर उत्तरं देत बसल्या असत्या. पण यामुळेच, मध्येच पर्यायी माणूस बदलला तर आधी उत्तर मिळालेल्यांना तो बदल आपणहून कळत नाही. जीमेलमध्ये मजकूर बदलल्यावर त्यांनी पुन्हा लिहिलं तरच नवं उत्तर जातं. सामाईक पत्ता द्यावा म्हणतो त्याचं हेही एक कारण आहे. पत्ता तोच राहतो, मागे बसणारा माणूस बदलला तरी चालतं.

निघण्याआधी आणखी एक काम करा. First day तात्पुरता आजचा ठेवा आणि आपल्या दुसऱ्या, घरच्या पत्त्यावरून ऑफिसच्या पत्त्यावर एक मेल टाका. आलेलं उत्तर मोबाईलवर वाचा. वार आणि तारीख वरच दिसते का, पत्त्यावर बोट ठेवलं की मेल उघडतो का, खाली सहीतून काही जास्तीचं गेलं का, ते बघा. मग त्या पर्यायी पत्त्यावरही एक मेल पाठवा, आणि तिथून माणसाचं उत्तर आल्यावरच बॅग उचला.