आप्पांच्या नोटिशीतली 'मागणी'

समजा, धुळ्यातल्या एका निवृत्त शिक्षकांना, आपण त्यांना आप्पा म्हणू, आयकर खात्याचं कलम 143(1) खालचं पत्र आलंय. रिटर्नमध्ये कर 18,000 रुपये आणि पेन्शनमधून कापलेला टीडीएसही 18,000. खात्याने मात्र टीडीएस 10,000 च धरला आणि 8,000 ची 'मागणी' काढली.

हा शब्द वाचला की वाटतं, नवा कर बसला. म्हणून सोप्या मजकुराची सुरुवात मी तिथूनच करते:

"आप्पा, तुमचा कर वाढलेला नाही. फक्त रिटर्नमध्ये दाखवलेल्या 18,000 टीडीएसपैकी 10,000 च तुमच्या पॅनवर खात्याला दिसतात. आधी फॉर्म 16 आणि 26AS शेजारी ठेवून बघा. फॉर्म 16 मध्ये 18,000 असतील, तर कापणाऱ्या कार्यालयाच्या तिमाही विवरणात पॅन चुकला असेल किंवा नोंद राहिली असेल. ती त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्या, मग पोर्टलवर दुरुस्तीचा अर्ज करा. फॉर्म 16 मध्येही 10,000 च असतील, तर 8,000 भरावे लागतील. पत्र मिळाल्यापासून मुदत 30 दिवस. नंतर महिन्याला 1 टक्का, म्हणजे 80 रुपये व्याज."

पहिल्या मसुद्यात मी "काळजी करू नका" लिहून मुदत शेवटी ढकलली होती. वाचायला गोड, पण आप्पांनी कागद कपाटात ठेवला असता! असा मजकूर तपासताना "समजलं का?" विचारून उपयोग नाही, सगळे हो म्हणतात. "आता पहिल्यांदा कुठे जाल, काय घेऊन?" असं विचारायचं. उत्तर "बँकेत पैसे भरायला" आलं, तर पहिलं वाक्यच पोचलेलं नाही.