खाज सुटते, हात हलत नाही

दहा दिवस बोलायचं नाही, हे ऐकूनच अनेकांच्या पोटात गोळा येतो. इगतपुरीच्या धम्मगिरीवर विपश्यनेच्या शिबिराला पहिल्यांदा जाणारा माणूस हीच धास्ती घेऊन डोंगर चढतो. एक-दोन दिवसांत त्याला कळतं, की मौन त्यातल्या त्यात सोपं आहे. समोरच्याशी बोलायचं नाही म्हटलं, की चांगलं दिसण्याची, हसून उत्तर देण्याची जबाबदारीही उरत नाही. अवघड जातं ते दुसरंच: काहीही न करता बसणं.

ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ही साधना शिकलेले सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये भारतात आले आणि शिबिरं घेऊ लागले. इगतपुरीचं केंद्र १९७६ मध्ये सुरू झालं. गोएंकांचं २०१३ मध्ये निधन झालं, तरी आजही सूचना आणि प्रवचनं त्यांच्याच आवाजात, ध्वनिमुद्रित ऐकवली जातात. समोर बसलेले सहायक आचार्य शंकांना उत्तरं देतात. राहण्या-जेवणाचे पैसे घेत नाहीत. दान द्यायचं तर शिबिर पूर्ण झाल्यावर.

पहाटे चारला घंटा होते, साडेचारला साधना सुरू. अकराला जेवण, संध्याकाळी पाचला नव्या साधकांना चहा किंवा दूध आणि थोडंसं खाणं. त्यानंतर रात्री काही नाही. सातला प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. बसण्याचे तास मोजले तर दिवसाला दहाच्या आसपास भरतात. मोबाइल पहिल्याच दिवशी जमा होतो. वाचायचं नाही, लिहायचं नाही, जपमाळही ओढायची नाही.

पहिले साडेतीन दिवस काम एकच, आनापान. श्वास जसा येतो-जातो तसा जाणायचा. खोल घ्यायचा नाही, लांबवायचा नाही. लक्ष नाकाच्या आणि वरच्या ओठाच्या भागावर. पुढे ही जागा आणखी लहान होते, नाकपुड्यांच्या खाली आणि ओठाच्या वर एवढीच. सांगायला दोन वाक्यांचं काम, पण बसल्यावर चौथ्या-पाचव्या श्वासाला मन ऑफिसच्या भांडणात किंवा दहा वर्षांपूर्वीच्या लग्नात जाऊन बसतं. ते गेलं होतं हे बऱ्याच वेळानं कळतं. कळल्यावर चिडायचं नाही, पुन्हा श्वासावर यायचं. इथेच पहिला कस लागतो, कारण नवा साधक हमखास चिडतो, आणि मग श्वास ढकलून-ओढून ‘नीट’ करायला बघतो. असं जोर लावून बसलं की डोकं जड होतं, कपाळ आवळल्यासारखं वाटतं. ती खूण ओळखून सैल व्हायचं.

मग कंटाळा येतो. बाहेर कंटाळ्यावर उपाय असतो, निदान खिशात फोन तरी असतो. इथे तो कशातच बुडवता येत नाही. माणसं जेवणाच्या सुट्टीत मुंग्यांची रांग बघत उभी राहतात, साबणाच्या वेष्टनावरचा मजकूर पुन्हा पुन्हा वाचतात. बौद्ध परंपरेनं साधनेतले पाच अडथळे सांगितले आहेत: हवंसं वाटणं, द्वेष, आळस-झोप, अस्वस्थता आणि शंका. पहिल्या तीन दिवसांत पाचही भेटून जातात. सगळ्यात हुशार असते शंका. ती ‘हे सगळं निरर्थक आहे, आज संध्याकाळीच निघू या’ असं अगदी मुद्देसूद पटवून देते.

चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना दिली जाते. आता लक्ष डोक्याच्या टाळूपासून पायाच्या बोटांपर्यंत, भागाभागानं फिरवायचं आणि तिथे जे जाणवेल त्याची नोंद घ्यायची: ऊब, गारवा, घाम, मुंग्या, धडधड, कपड्याचा स्पर्श. काहीच जाणवलं नाही तर त्या जागी मिनिटभर थांबून पुढे सरकायचं. ब्रह्मदेशातल्याच महासी सयाडो यांच्या पद्धतीत ‘दुखतंय, दुखतंय’ अशी मनात शाब्दिक नोंद करतात. गोएंकांच्या पद्धतीत शब्द नकोत, नुसतं जाणायचं.

त्याचबरोबर ‘अधिष्ठान’ सुरू होतं. दिवसातून तीन वेळा, तासभर, डोळे उघडायचे नाहीत, हात-पाय हलवायचे नाहीत. अशा एका तासात काय घडतं ते पाहू या. पहिली वीस मिनिटं बरी जातात. मग उजव्या गुडघ्यात ठणका लागतो. मन लगेच हिशेब मांडतं: अजून चाळीस मिनिटं, पाय कायमचा गेला तर? इथे सूचना अशी, की ‘गुडघा दुखतोय’ या वाक्यापाशी न थांबता दुखण्याकडे बघायचं. बघितल्यावर त्यात वेगवेगळे तुकडे दिसतात. गुडघ्याच्या बाहेरच्या कडेला जळजळ, मागे ताण, मध्ये ठोके. ठोके कमी-जास्त होतात; जळजळ सरकते. आणि त्याच वेळी दातांवर दात घट्ट आवळलेले, खांदे कानांकडे चढलेले, पोट आत ओढलेलं आढळतं. ही सगळी गुडघ्याची दुखणी नव्हेत, ती दुखण्याशी चाललेली झटापट आहे. जबडा सैल केला की ठणका तसाच राहतो, पण ‘आता सहन होत नाही’ ही घाई बरीच उतरते.

कंटाळ्यालाही हीच रीत लागू पडते. कंटाळा आला की शरीरात कुठे काय होतंय हे बघितलं, तर छातीत जडपणा, पापण्यांवर ओझं, हातांत काहीतरी उचलण्याची उबळ, असं काही सापडतं. नाकाच्या शेंड्यावर खाज सुटते, वाढते, असह्य होते आणि न खाजवताही ओसरते. अनित्य या शब्दावर कितीही प्रवचनं ऐकली असली, तरी खाजेचा हा धडा वेगळाच लक्षात राहतो.

मात्र प्रत्येक वेदना सहन करण्यासारखी नसते. उठून दोन-चार पावलं चाललं की जाणारं दुखणं बसण्याचं असतं. उठल्यावरही टिकणारी तीव्र कळ किंवा बधिरपणा असेल, तर बैठक बदलावी. मागितल्यावर खुर्ची मिळते. मनाचंही तसंच. रडू येणं, जुन्या आठवणी वर येणं नेहमीचं आहे. पण सलग रात्री झोप नसेल, भीती वाढत चालली असेल, आजूबाजूचं जग खोटं वाटू लागलं असेल, तर ती प्रगती समजून लपवू नये. दुपारच्या भेटीच्या वेळेची वाट न पाहता आचार्यांना सांगावं. गंभीर मानसिक आजार असलेल्यांसाठी हे शिबिर नाही. अर्जात याबद्दल विचारतात, तिथे खरं लिहावं.

सहाव्या-सातव्या दिवशी काहींना अंगभर सुखद लहरी जाणवतात आणि नवाच घोटाळा होतो. पुढच्या बैठकीला माणूस त्या लहरी शोधत बसतो, त्या येत नाहीत आणि तो खट्टू होतो. दुखणं ढकलणं आणि सुख ओढून धरणं, दोन्हीत मनाची ओढाताण तीच.

दहाव्या दिवशी सकाळी मैत्रीची साधना शिकवून मौन सुटतं, आणि आवारात एकदम गलका होतो. ‘तुला काय जाणवलं?’ या तुलनेला तिथे ऊत येतो. कुणाला लहरी आल्या, कुणाला फक्त गुडघा. पण शिबिर कसं झालं हे त्यावरून ठरत नाही. पहिल्या दिवशी चीड आल्याचं अर्ध्या तासानं कळत होतं, ते आता जबडा आवळताच कळतं का, एवढं तपासावं. घरी गेल्यावर रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात. तेवढं फार थोड्यांना निभतं, आणि सराव तुटला की कळायला लागणारा वेळ पुन्हा वाढत जातो.